कॅम्पस इंटरव्ह्यूत गोष्टीतून उत्तर कसं द्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली प्लेसमेंटच्या तोंडावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ॲप्टिट्यूड आणि कोडिंग यात नाही. एचआर राउंड आणि टेक्निकलमधला "प्रोजेक्टबद्दल सांगा" हा टप्पा, एवढाच विषय आहे.

१. इंटरव्ह्यूत "गोष्ट सांगा" म्हणतात, म्हणजे नेमकं काय सांगायचं?

"टीममध्ये वाद झाला तेव्हा काय केलंत?" या प्रश्नाला "मी चांगला टीम प्लेअर आहे" हे उत्तर नाही. समोरच्याला घडलेला एक प्रसंग हवा आहे. तो चार टप्प्यांत सांगायचा: परिस्थिती काय होती, त्यात तुमच्या वाट्याला काय आलं होतं, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय झालं. यालाच स्टार पद्धत म्हणतात: सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. ॲमेझॉन उमेदवारांना उघडपणे याच पद्धतीने उत्तरं द्यायला सांगते. तिचे प्रश्न तिच्या सोळा लीडरशिप प्रिन्सिपल्सभोवती फिरतात. मोठ्या भरती करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत पद्धतीचं नाव कोणी घेत नाही, पण प्रश्न याच जातीचे असतात.

चारही टप्पे सारख्या लांबीचे नसतात. दीड मिनिटाचं उत्तर धरलं तर पहिले दोन टप्पे वीस सेकंदांत उरकायचे, जवळजवळ एक मिनिट "मी काय केलं" याला द्यायचं आणि उरलेल्या वेळात शेवट. मुलं नेमकं उलटं करतात. प्रोजेक्टचं नाव, गाईडचं नाव, फ्रंटएंड कशात, बॅकएंड कशात, यातच मिनिट जातं आणि स्वतःच्या कामाला एक वाक्य उरतं.

२. पूर्ण उत्तर लिहून पाठ केलं तर काय बिघडतं? निदान अडखळणार तरी नाही.

अडखळणार नाही, तोवर ठीक. पण समोरचा माणूस दिवसभर एकामागून एक मुलांना ऐकत असतो, त्याला पाठांतर दोन वाक्यांत कळतं. सगळं एकाच वेगात येतं, नजर वर छताकडे जाते आणि एरवी तुमच्या तोंडी कधीच न येणारे जडजड इंग्रजी शब्द अचानक रांगेने यायला लागतात.

खरा घोटाळा पुढे होतो. मध्येच कोणी विचारलं, "एक मिनिट, हे काम तुम्ही एकट्यानेच केलंत का?", की पाठ केलेल्या मुलाची साखळी तुटते. तो त्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर देतो आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. घरी स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर हीच युक्ती वापरा. भावाला किंवा रूममेटला सांगा की उत्तराच्या मधोमध मला काहीतरी विचार. तिथूनच पुढे जाता आलं तर तयारी झाली आहे. मागे जावं लागलं तर तुम्ही फक्त वाक्यं पाठ केली आहेत.

३. मग पाठ करायचं तरी काय?

चार गोष्टी, बाकी काही नाही. पहिलं वाक्य, कारण सुरुवातीलाच जीभ अडखळते. तुम्ही घेतलेला निर्णय, म्हणजे ज्या क्षणी दोन वाटा होत्या आणि तुम्ही त्यातली एक धरलीत ती जागा. एक आकडा. आणि शेवटचं वाक्य, कारण ते ठरलेलं नसलं की माणूस "सो... येस... दॅट्स इट" म्हणत विरघळून जातो.

हे चार मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळींत लिहा. पूर्ण वाक्यं नकोत, तीन-चार शब्द पुरेत. मधला सगळा भाग दरवेळी नव्याने बोलायचा. उत्तर तयारीचं वाटतं ते या चार खुंट्यांमुळे, आणि ताजं वाटतं ते मधला भाग मोकळा असल्यामुळे. कागदावर पाचवी ओळ लिहावीशी वाटली तर थांबा. तिथून पाठांतर सुरू होतं.

४. एखादं पूर्ण उदाहरण दाखवाल का?

हे नमुन्यासाठी रचलेलं उदाहरण आहे. इंटरव्ह्यूत ते इंग्रजीत सांगावं लागेल, पण बांधणी नीट दिसावी म्हणून इथे मराठीत देतो. प्रश्न: "टीममध्ये मतभेद झाला तेव्हा काय केलंत?"

"आमच्या ॲपने काढलेलं पहिलंच बिल गावच्या वहीशी जुळेना. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी एका दूध संकलन केंद्रासाठी दहा दिवसांचं बिल काढणारं ॲप केलं होतं आणि बिलाचा कोड माझ्याकडे होता, त्यामुळे फरक शोधणं माझं काम. मी एका शेतकऱ्याच्या सकाळ-संध्याकाळच्या वीस नोंदी हाताने तपासल्या. मशीन फॅट दोन दशांशांपर्यंत दाखवायचं, समजा ३.५७, आणि दरपत्रकात एकच दशांश होता. आमचं ॲप त्याचे ३.६ करायचं. केंद्राचे सचिव शेवटचा अंक सोडून ३.५ धरायचे. माझ्या मित्राचं म्हणणं होतं की गणिताने ॲप बरोबर आहे, बदलायचं नाही. मला वाटत होतं की हे आपण ठरवायचं नाही. म्हणून मी तेच बिल दोन्ही पद्धतींनी काढलं आणि दोन्ही कागद सचिवांपुढे ठेवले. एका शेतकऱ्यामागे तीस रुपयांचा फरक येत होता. ते म्हणाले, संघ आमचं दूध जसं धरतो तसंच आम्ही शेतकऱ्याचं धरतो. मग आम्ही त्यांची पद्धत घेतली, पण मित्राच्या सूचनेवरून ती सेटिंगमध्ये ठेवली, म्हणजे दुसऱ्या केंद्राला बदलता येईल. पुढचं बिल सगळ्या ४२ खात्यांचं वहीशी जुळलं."

यातल्या चार खुंट्या बघा: "पहिलं बिल जुळेना", "दोन्ही कागद सचिवांपुढे", "तीस रुपये", "४२ खाती जुळली". बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालतं. तीस रुपये हा आकडा छोटा आहे, पण तो तपासता येतो: दिवसाला वीस लिटर धरलं तर दहा दिवसांचं दोनशे लिटर होतं, फॅटच्या दर ०.१ पॉइंटमागे लिटरला तीस पैसे दर धरला आणि निम्म्या नोंदींत फरक पडला तर तीसच रुपये येतात. "कार्यक्षमता चाळीस टक्क्यांनी वाढली" या वाक्यापेक्षा असा आकडा कितीतरी टिकाऊ असतो. चाळीस टक्के कशावरून, असं विचारलं की बहुतेक मुलं गप्प होतात.

आणखी एक. मित्र इथे मूर्ख ठरलेला नाही, त्याची सूचना शेवटी वापरली गेली. वादाच्या गोष्टीत समोरचा खलनायक झाला की ऐकणाऱ्याला तुमच्याबद्दल शंका येते.

५. एकच गोष्ट किती प्रश्नांना चालते?

वरची गोष्ट चार-पाच प्रश्नांना सहज चालेल. गोष्ट तीच ठेवायची, प्रवेश आणि वजन बदलायचं. "तुमच्या हातून झालेली चूक सांगा" असं विचारलं तर सुरुवात "केंद्राची पद्धत न विचारताच मी कोड लिहिला होता" इथून करायची आणि मित्राशी झालेला वाद एका वाक्यात संपवायचा. "अवघड तांत्रिक अडचण" विचारली तर वीस नोंदी हाताने कशा तपासल्या, ते सविस्तर सांगायचं. "ग्राहकाशी कधी बोललात का?" याला सचिवांपुढे ठेवलेले दोन कागद हाच गाभा.

हे वळण आयत्या वेळी सुचत नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला प्रत्येक प्रश्नासाठी फक्त पहिलं वाक्य लिहून ठेवा. प्रवेश बदलला की उरलेली गोष्ट आपोआप वळते. मात्र एकाच इंटरव्ह्यूत तीच गोष्ट दोनदा लागली तर उघड सांगा: "मघाशी बिलाचं सांगितलं, त्याचीच दुसरी बाजू सांगतो." न सांगता पुन्हा तीच सुरू केलीत तर तुमच्याकडे एकच शिदोरी आहे असं दिसतं.

६. एकूण किती गोष्टी तयार ठेवाव्यात?

पाच पुरतात. एक प्रोजेक्टमधली, एक वादाची किंवा टीमची, एक फसलेल्या कामाची, एक कोणी न सांगता स्वतःहून केलेल्या कामाची आणि एक कॉलेजबाहेरची. पंधरा तयार करणारी मुलं हॉलमध्ये कुठली सांगायची याचाच विचार करत बसतात.

७. माझी इंटर्नशिप नाही, मी कुठल्या क्लबचा अध्यक्ष नव्हतो. मी काय सांगू?

पद लागत नाही, निर्णय लागतो. गॅदरिंगच्या जेवणाचे पैसे गोळा करताना हिशोब न लागणं, बहिणीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्यांची सोय बघणं, दहावीच्या मुलांची शिकवणी, बापाच्या दुकानातली उधारीची वही मोबाईलवर घेणं, यातलं काहीही चालतं. कसोटी एकच: तिथे दोन वाटा होत्या का, आणि त्यातली एक तुम्ही निवडली का? "मी गणपती मंडळाचा खजिनदार होतो" ही माहिती झाली. "वर्गणी कमी जमली, तेव्हा मिरवणुकीचा बँड रद्द करायचा की सजावट, हे ठरवायचं होतं" इथून गोष्ट सुरू होते.

शोधताना वर्षांच्या क्रमाने आठवू नका. तुम्ही कधी कुणाला नाही म्हणालात, कधी काम पुन्हा करावं लागलं, कधी पैसे किंवा वेळ कमी पडला, असं स्वतःला विचारा. प्रसंग पटकन वर येतात.

८. सराव कसा करायचा? आरशासमोर बोललो तर चालेल का?

आरसा काही विचारत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग कमी. तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगा: एक तुमच्याच शाखेतला, एक दुसऱ्या शाखेतला आणि एक घरातलं माणूस, ज्याला कोडिंगचा गंधही नाही. माणूस बदलला की शब्द बदलावेच लागतात आणि उत्तरात लवचिकता येते ती तिथूनच. आईला "दरपत्रक" लगेच कळेल, "एपीआय" कळणार नाही. वर्गमित्राचं उलटं.

मग फोनवर रेकॉर्ड करा आणि दोनच गोष्टी ऐका. पहिली, "मी" हा शब्द पहिल्यांदा कोणत्या सेकंदाला आला? तीस सेकंदांनंतर आला असेल तर प्रस्तावना कापा. दुसरी, दोन रेकॉर्डिंगमधली मधली वाक्यं अगदी सारखी आहेत का? सारखी असतील तर एक-दोन दिवस त्या गोष्टीला हात लावू नका.

प्रत्येक गोष्टीचं अर्ध्या मिनिटाचं रूपही हवं. वेळ कमी असेल तर पहिलं वाक्य, निर्णय आणि शेवट एवढंच सांगायचं आणि थांबायचं. पुढचं हवं असेल तर समोरचा विचारतो. अंदाजासाठी सांगतो, शांत वेगात इंग्रजी बोललं तर दीड मिनिटात साधारण दोनशे शब्द होतात. लिहिलेलं उत्तर कागदाच्या दोन्ही बाजू भरत असेल तर ते दीड मिनिटाचं नाही.

९. मध्येच थांबवून उलटसुलट विचारलं तर?

तर उत्तर रंगतंय असं समजा. कंटाळलेला माणूस "ओके, नेक्स्ट" म्हणतो. विचारलेल्याचं आधी सरळ उत्तर द्या, मग जवळच्या खुंटीवर परत या (प्रश्न ३). सगळं पुन्हा सांगायची गरज नसते.

काही प्रश्न आधीच ओळखता येतात. तुमच्या गोष्टीतल्या प्रत्येक नामावर बोट ठेवून "का?" आणि "कसं?" विचारा. दुधाच्या गोष्टीत टेक्निकलवाला हमखास विचारेल, "रक्कम डेटाबेसमध्ये कोणत्या प्रकारात ठेवली?" इथे "फ्लोट" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, कारण फ्लोटमध्ये ०.१ सारखा आकडाही नेमका बसत नाही आणि हिशोबात पैशांची गडबड होते. पैशांत पूर्णांक किंवा डेसिमल प्रकार, हे उत्तर हवं. ज्या शब्दाचं "का" सांगता येत नाही तो शब्द गोष्टीतून काढून टाका. माहीत नसेल तर "तो भाग माझ्या मित्राकडे होता, मला एवढंच माहीत आहे" हेही चालतं, पण एकदाच.

१०. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. गोष्ट मराठीत छान सांगता येते, इंग्रजीत फाटते.

मराठीत पाठ करून तिचं भाषांतर करू नका. मनात मराठी वाक्य लांबलचक असतं आणि ते उलटवताना क्रियापद शेवटी सापडत नाही. त्यापेक्षा कार्डाच्या चारही ओळी इंग्रजीतच लिहा आणि सुरुवातीपासून इंग्रजीतच, छोट्या वाक्यांत सांगा. एका वाक्यात एकच क्रियापद. "आय चेक्ड ट्वेन्टी एन्ट्रीज. आय फाउंड वन पॅटर्न. आय आस्क्ड द सेक्रेटरी." हे साधं आहे, बरोबर आहे आणि खरं वाटतं. घडलेली गोष्ट असल्यामुळे सगळा साधा भूतकाळच लागतो, त्यामुळे व्याकरणाचं ओझंही कमी होतं.

शब्द अडला तर दुसऱ्या शब्दांत सांगा. "संकलन केंद्र"ला इंग्रजीत काय म्हणायचं, यावर पाच सेकंद गप्प बसण्यापेक्षा "द प्लेस व्हेअर फार्मर्स ब्रिंग मिल्क" पुरेसं आहे. एखाद-दुसरं वाक्य हिंदीत बोलायची परवानगी मागता येते, पण पूर्ण उत्तर तिथे नेऊ नका.

११. "टेल मी अबाउट युवरसेल्फ"ला गोष्ट सांगायची का?

नाही. तिथे एक मिनिटाची ओळख द्या: काय शिकता, कशात हात बसला आहे, कोणतं काम केलंत. गोष्ट पूर्ण सांगू नका, फक्त तिचं टोक दिसू द्या: "दूध संकलनाच्या बिलाचं ॲप केलं, त्यात हिशोब जुळवताना बरंच शिकायला मिळालं." पुढचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच टोकाला धरून येतो. बदलीच्या गावी जाल का, बाँड मान्य आहे का, या प्रश्नांनाही गोष्ट नको. हो किंवा नाही आणि एक कारण.

१२. समोर माणूस नाही, नुसता कॅमेरा आणि घड्याळ, अशा रेकॉर्डेड इंटरव्ह्यूत काय बदलतं?

इथे मध्येच विचारणारं कोणी नसतं, म्हणून जे एरवी प्रश्नातून बाहेर आलं असतं ते स्वतःच सांगावं लागतं. विशेषतः "हे मी केलं, ते बाकीच्यांनी" ही वाटणी. घड्याळ संपल्यावर रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं, त्यामुळे शेवटचं वाक्य वेळेच्या दहा सेकंद आधी यावं. स्क्रीनच्या कडेला पूर्ण उत्तर चिकटवून वाचू नका, डोळ्यांची डावी-उजवी हालचाल स्पष्ट दिसते. समोरच्याकडे बघून बोलताय असं दिसावं म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघून बोला.

१३. बॅकलॉग होता. "अपयश" विचारलं की तोच सांगू का?

मार्कशीटवर तो दिसतोच, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. पण तो गोष्ट म्हणून तेव्हाच चांगला लागतो, जेव्हा त्यानंतर तुम्ही काहीतरी बदललंत आणि ते सांगता येतं. "तब्येत ठीक नव्हती, मग पास झालो" यात तुमचा निर्णय कुठेच नाही. "एम-थ्रीत दोनदा राहिलो, कारण सोडवलेली गणितं फक्त वाचायचो. तिसऱ्या वेळी रोज दोन गणितं उत्तर झाकून सोडवली" यात आहे. घरचं आजारपण खरं असेल तर एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. सहानुभूती मिळवण्यासाठी ते लांबवलं की पुढचे प्रश्न अवघडल्यासारखे होतात.

"परफेक्शनिस्ट असणं हीच माझी कमजोरी" हे उत्तर कृपा करून कोणी देऊ नका.

१४. खरं सांगायचं तर प्रोजेक्ट आम्ही बाहेरून विकत घेतला. आता?

त्यावर गोष्ट रचू नका. प्रश्न ९ मधल्या "का" आणि "कसं" या दोन प्रश्नांपुढे ती दोन मिनिटंही टिकत नाही आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. हातात वेळ असेल तर त्या कोडमधला एक छोटा भाग घ्या, तो मोडा, पुन्हा लिहा. एखादा रिपोर्ट, एखादं लॉगिन, काहीही. मग "तयार कोडवर आम्ही काम केलं, त्यातला हा भाग मी बदलला" असं सांगता येईल आणि ते खरं असेल. वेळच नसेल तर प्रोजेक्टवर कमी बोला आणि तुमच्या पाचांतली कॉलेजबाहेरची गोष्ट पुढे आणा (प्रश्न ७).

१५. आमच्या ग्रुपमधल्या चौघांचाही त्याच दिवशी, त्याच कंपनीत इंटरव्ह्यू आहे. चौघं तीच गोष्ट सांगणार का?

कॅम्पसमध्ये हे हटकून घडतं आणि याची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. पॅनेल एकच असेल तर तिसऱ्या मुलापर्यंत त्यांना तुमचं ॲप तोंडपाठ झालेलं असतं. आदल्या दिवशी चौघांनी अर्धा तास एकत्र बसा. आधी तथ्यं एक करा: खाती किती, भाषा कोणती, कोणी काय केलं, काय अपुरं राहिलं. एक म्हणतो ४२ खाती आणि दुसरा म्हणतो दोनशे, तर दोघांवरही काट बसते.

मग निर्णय वाटून घ्या. तथ्यं सगळ्यांची, निर्णय ज्याचा त्याचा. बिल न जुळण्याचा प्रसंग ज्याने फरक शोधला त्याचा. "गणिताने बरोबर आहे" म्हणणाऱ्या मित्राकडे त्याच दिवसाची वेगळी गोष्ट आहे: आपलं म्हणणं मागे घेऊन त्यातून सेटिंगची कल्पना काढली, ही. ती तो मोकळेपणाने सांगू शकतो आणि दोन्ही बाजू जुळल्या की पॅनेलला खात्रीच पटते. सचिवांकडे जाऊन वह्यांचे फोटो आणणाऱ्या तिसऱ्याची गोष्ट सचिवांशी ओळख जमवण्याची, चौथ्याची बिलं छापण्याची. कोणी विचारलंच की "हे तर आत्ताच ऐकलं", तर हसून म्हणा, "हो, तो वाद माझ्याशीच झाला होता," आणि तुमच्या बाजूने सुरू करा.